आत येणाऱ्या पॅकेटचा हक्क

इंटरनेटची जोडणी घेताना आपण दोन गोष्टी विचारतो: गती किती आणि महिन्याला पैसे किती. बाहेरच्या माणसाला या जोडणीवरून माझ्या घरातल्या संगणकापर्यंत पोचता येईल का, हे कोणी विचारत नाही. जोडणी देणाराही ते सांगत नाही. मोबाइलवर आणि पुष्कळशा घरगुती ब्रॉडबँडवर त्या प्रश्नाचं उत्तर आज ‘नाही’ असं आहे. ज्याला घरच्या घरी एखादा सर्व्हर चालवावासा वाटतो त्याला हे उत्तर कळतं तेही फार उशिरा, राउटरच्या पानांवर दोन-तीन रात्री घालवल्यानंतर.

याचं कारण कॅरियर-ग्रेड नॅट, म्हणजे कंपनीच्या पातळीवर होणारी पत्त्यांची अदलाबदल. जाणकार तिला सीजी-नॅट म्हणतात. पत्त्यांची टंचाई खरी आहे आणि सीजी-नॅट तिच्यातूनच आलं, हे मला मान्य आहे. माझा आक्षेप पुढच्या गोष्टीवर आहे. टंचाईपुरती केलेली ही सोय आता कायमची घडी झाली आहे, आणि त्या घडीत ग्राहक फक्त मागवणारा उरला आहे. त्याच्याकडे कोणी काही मागायला यावं, ही शक्यताच त्याच्या जोडणीतून काढून टाकली गेली, आणि तसं त्याला कोणी सांगितलं नाही.

सांगलीतल्या माझ्या एका मित्राची गोष्ट घेऊ. त्याच्या वडिलांनी आयुष्यभर कीर्तनं, गावातल्या नाटकांच्या तालमी आणि घरगुती बैठकी कॅसेटवर उतरवून ठेवल्या होत्या. मित्राने त्या डिजिटल करून घेतल्या, एका जुन्या डेस्कटॉपवर लिनक्स आणि नेक्स्टक्लाउड बसवलं आणि ठरवलं, की पुण्यातली बहीण आणि दुबईतला भाचा यांना त्या घरूनच ऐकता याव्यात. घरात फायबर आहे, वर जाणारी गतीही खाली येणाऱ्या गतीइतकीच आहे. संगणकाला घरातला पत्ता दिला `192.168.1.20`, राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंगचा नियम लिहिला, की बाहेरून ४४३ क्रमांकाच्या पोर्टवर जे येईल ते या संगणकाकडे धाडायचं. एक डोमेन नाव घेतलं आणि बाहेरचा पत्ता बदलला की नाव आपोआप नव्या पत्त्याकडे वळेल अशी डायनॅमिक डीएनएसची सोयही केली.

घरातल्या वायफायवर सगळं सुरळीत चाललं. बहिणीला मात्र पुण्यात पान उघडेना. ‘जोडणी नाकारली’ असा संदेशही नाही, नुसतं फिरणारं चक्र आणि शेवटी वेळ संपल्याची सूचना. हा फरक महत्त्वाचा आहे. नाकारणं म्हणजे कोणीतरी दारापर्यंत पोचलं आणि आतून ‘नाही’ असं उत्तर आलं. वेळ संपणं म्हणजे बहुधा वाटेतच कोणीतरी पॅकेट गुपचूप टाकून दिलं. तसाच दुसरा धक्का प्रमाणपत्राचा. लेट्स एन्क्रिप्टची नेहमीची तपासणी बाहेरून ८० क्रमांकाच्या पोर्टवर येऊन होते, तीही वेळ संपून फसली.

कंपनीच्या मदतकेंद्राला फोन केला तेव्हा उत्तर आलं, “सर, नेट चालू आहे ना? मग लाइन ओके आहे.” फोनवरच्या मुलाचा यात काही दोष नाही. त्याच्या पडद्यावर जोडणी चालू असण्याची व्याख्याच तेवढी आहे.

खरा प्रकार दोन आकडे शेजारी ठेवले की दिसतो. राउटरच्या स्थितिदर्शक पानावर त्याचा बाहेरच्या बाजूचा, म्हणजे ‘वॅन’चा पत्ता असतो. मित्राच्या राउटरवर तो `100.72.14.9` होता. आणि घरातूनच बाहेरच्या जगाला आपण कोणत्या पत्त्यावरून दिसतो हे विचारलं, तर उत्तर वेगळं आलं (इथला सार्वजनिक पत्ता उदाहरणापुरता बदलला आहे):

```
$ curl -4 ifconfig.me
203.0.113.45
```

दोन्ही पत्ते एकच असते तर दोष राउटरच्या नियमात, संगणकाच्या फायरवॉलमध्ये किंवा कंपनीने एखादा ठरावीक पोर्ट बंद केला आहे का यात शोधायचा असता. ते वेगळे आहेत याचा अर्थ राउटर आणि जग यांच्या मधे आणखी एक अदलाबदल करणारं यंत्र आहे. शिवाय `100.64.0.0` पासून `100.127.255.255` पर्यंतचा पट्टा २०१२ साली आरएफसी ६५९८ या दस्तऐवजाने नेमका याच कामासाठी राखून ठेवला, त्यामुळे `100.72` पाहताच शंका उरत नाही. काही कंपन्या याच कामासाठी `10` ने सुरू होणारे खासगी पत्तेही वापरतात. खात्रीची शेवटची चाचणी म्हणजे संगणकावर कान लावून बसणं:

```
sudo tcpdump -ni eth0 tcp port 443
```

बहिणीने पुण्यातून पुन्हा पुन्हा प्रयत्न केले आणि सांगलीतल्या पडद्यावर एकही ओळ उमटली नाही. नियम चुकला म्हणून पॅकेट भलतीकडे गेलं असं झालंच नव्हतं. ते घरापर्यंत आलंच नव्हतं.

असं का होतं हे समजायला बाहेर जाणाऱ्या पॅकेटच्या मागे एकदा चालत जावं लागतं. घरातला संगणक एखादं संकेतस्थळ उघडतो तेव्हा पॅकेटवर पाठवणाऱ्याचा पत्ता असतो `192.168.1.20` आणि एक पोर्ट, समजा ५१०००. घरचा राउटर तो पत्ता खोडून आपला `100.72.14.9` लिहितो आणि ही अदलाबदल स्वतःच्या नोंदवहीत टिपून ठेवतो. पॅकेट कंपनीच्या केंद्रात पोचतं. तिथलं यंत्र तेच पुन्हा करतं: `100.72.14.9` खोडून `203.0.113.45` लिहितं, पोर्ट बदलून समजा २४०१७ करतं आणि आपल्या नोंदवहीत ओळ लिहितं. संकेतस्थळाचं उत्तर `203.0.113.45` च्या २४०१७ वर येतं, कंपनीचं यंत्र ओळ शोधतं, राउटरकडे देतं, राउटर आपली ओळ शोधून संगणकाकडे देतो. दोन नोंदवह्या, दोन खाडाखोडी, आणि वापरणाऱ्याला काहीही जाणवत नाही.

आता बहिणीचं पॅकेट घ्या. डोमेन नाव तिला `203.0.113.45` कडे पाठवतं, आणि ते बरोबरच आहे, बाहेरून दिसणारा पत्ता तोच आहे. पॅकेट त्या पत्त्याच्या ४४३ वर येतं ते कंपनीच्या यंत्रापाशी. यंत्र नोंदवही उघडतं. सांगलीतल्या घरातून या पोर्टसाठी आधी काही बाहेर गेलेलं नाही, म्हणून ओळ नाही. त्या एका पत्त्याच्या मागे कित्येक घरं आहेत, मग पॅकेट कोणाला द्यायचं? यंत्र ते टाकून देतं. मित्राने राउटरमध्ये लिहिलेला नियम अगदी बरोबर आहे, पण तो दुसऱ्या नोंदवहीत आहे. ज्या वहीत तो लिहायला हवा ती कंपनीच्या केंद्रात आहे आणि तिच्यात लिहायची ग्राहकाला परवानगी नाही. म्हणूनच राउटर बदलून, नियम पुन्हा लिहून किंवा ‘यूपीएनपी’ चालू करून काही साधत नाही. पुष्कळ राउटर तर यूपीएनपीच्या विनंतीला ‘पोर्ट उघडला’ असं उत्तरही देतात, आणि तो उघडलेला असतो कंपनीच्या बंद दालनाच्या दिशेने.

मोबाइलवर तर हे त्याहून पक्कं आहे. फोर-जी किंवा फाइव्ह-जीचं सिम घातलेला घरगुती राउटर फायबरच्या राउटरसारखाच दिसतो, त्याच्या पानावर पोर्ट फॉरवर्डिंगचा तक्ताही असतो, पण त्याला मिळणारा जुन्या पद्धतीचा पत्ता बहुधा सामायिकच असतो. काही जाळ्यांवर तर फोनला आयपीव्ही ४ चा पत्ता मिळतच नाही, फक्त आयपीव्ही ६ चा मिळतो, आणि जुन्या जगाशी बोलण्यासाठी कंपनीच्या यंत्रात एका भाषेतून दुसऱ्या भाषेत उलथापालथ होते. बाहेरून आत येण्याची वाट तिथेही नाही.

ही वेळ आली कशी? आयपीव्ही ४ चा पत्ता ३२ बिटांचा. सप्टेंबर १९८१ च्या आरएफसी ७९१ मध्ये तो पक्का झाला आणि त्यातून फार तर सुमारे ४२९ कोटी पत्ते निघतात. विद्यापीठं आणि लष्करी संशोधन यांच्यापुरत्या जाळ्याला ते अमाप वाटले. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक साठ्यातले शेवटचे पाच मोठे गट पाच खंडीय नोंदणीसंस्थांना वाटले गेले. आपल्या आशिया-प्रशांत विभागाची एपनिक ही संस्था त्याच वर्षी १५ एप्रिलला शेवटच्या गटावर आली आणि रेशनिंग सुरू झालं. २०१९ पासून नव्या सदस्याला जास्तीत जास्त ५१२ पत्ते मिळतात.

हा ५१२ चा आकडा मला महत्त्वाचा वाटतो, कारण सीजी-नॅटबद्दल संतापून बोलणारे लोक तो विसरतात. तालुक्याच्या गावात केबलवरून फायबरकडे वळलेला एखादा व्यावसायिक आज परवाना घेऊन उभा राहिला आणि त्याच्याकडे पाच हजार घरं असली, तर प्रत्येक पत्त्यामागे सरासरी दहा घरं बसवण्यावाचून त्याला गत्यंतर नाही. बाजारात पत्ते विकत मिळतात, पण महाग. अ‍ॅमेझॉनच्या क्लाउड सेवेनेही १ फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही ४ पत्त्याला तासाला अर्धा सेंट भाडं लावलं. म्हणून ‘प्रत्येक ग्राहकाला फुकट सार्वजनिक आयपीव्ही ४ द्या’ ही मागणी मी करणार नाही. ती पुरवता येण्यासारखीच नाही.

पण पत्ता वाटून घ्यायचा म्हणजे आत येण्याची वाट पूर्ण बंदच करायची, हे मात्र खरं नाही, आणि इथे जरा थांबायला हवं.

एका पत्त्यावर ६५,५३६ पोर्ट असतात. सुरुवातीचे १,०२४ राखीव सोडले तर ६४,५१२ उरतात. एका पत्त्यामागे ६४ घरं बसवली तर प्रत्येकाच्या वाट्याला १,००८ पोर्ट येतात. ४४३ हा प्रसिद्ध पोर्ट एकच आहे, तो ६४ जणांना देता येत नाही हे उघड आहे. पण वाट्याला आलेल्या हजारातले दोन-चार पोर्ट ग्राहकाने आपल्या सर्व्हरसाठी राखून ठेवले तर कोणाचं काय बिघडतं? बहिणीला दुव्याच्या शेवटी `:24100` असं लिहावं लागेल, एवढंच. त्यासाठी लागणारी पद्धत २०१३ साली आरएफसी ६८८७ मध्ये लिहून झाली आहे. पोर्ट कंट्रोल प्रोटोकॉल तिचं नाव. घरच्या राउटरने कंपनीच्या यंत्राला विनंती करायची, ‘माझ्यासाठी ही एक ओळ लिहून ठेव.’ सीजी-नॅट कसं असावं हे सांगणाऱ्या आरएफसी ६८८८ मध्येही अशी सोय असावी असं सांगितलं आहे. तरी आपल्या घरगुती जोडण्यांच्या माहितीपत्रकांत तिचा उल्लेख मी कुठे पाहिलेला नाही.

जपानने याहून पुढचं पाऊल टाकलं. तिथल्या पुष्कळ घरगुती जोडण्यांवर मॅप-ई नावाची पद्धत चालते. तिच्यात आयपीव्ही ४ चा पत्ता सामायिक असतो, पण कोणत्या घराचे पोर्ट कोणते हे गणिताने आधीच ठरलेलं असतं, आणि अदलाबदलीची नोंदवही कंपनीच्या केंद्रात न राहता ग्राहकाच्या राउटरमध्येच राहते. ‘व्ही६ प्लस’ या तिथल्या प्रचलित सेवेत एका घराला २४० पोर्ट मिळतात. २४० हा काही मोठा आकडा नाही, एकाच वेळी बरीच पानं उघडणाऱ्या घरात तो अपुराही पडतो. पण त्या २४० पोर्टांवर पोर्ट फॉरवर्डिंग चालतं, कारण वही घरात आहे. टंचाई तिथेही तीच होती. वही कोणाच्या हाती द्यायची याचा निर्णय त्यांनी वेगळा घेतला.

दुसरी बाजूही नीट ऐकली पाहिजे, कारण ती पोकळ नाही. २०१६ साली मिराय नावाच्या दुष्ट प्रोग्रामने जगभरचे कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले ते ठरलेले, कोणी न बदललेले पासवर्ड वापरून. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांच्याच टोळीने डाइन या डीएनएस कंपनीवर हल्ला केला आणि कित्येक मोठी संकेतस्थळं काही तास बंद पडली. ज्यांच्यापर्यंत बाहेरून पोचता येत होतं तीच उपकरणं बळी पडली होती. सीजी-नॅटच्या मागे असलेल्या कॅमेऱ्यापर्यंत असं थेट जाता येत नाही. मोबाइलच्या बाबतीत आणखी एक कारण आहे: बाहेरून येणारं प्रत्येक नको असलेलं पॅकेट फोनच्या रेडिओला जागं करतं आणि बॅटरी खातं. दार आधीपासून बंद असावं, हे मला पूर्ण मान्य आहे.

मात्र दार बंद ठेवणं हे फायरवॉलचं काम आहे. नॅटमुळे ते योगायोगाने घडतं. फायरवॉल बंद असते तेव्हा मालकाला ती उघडता येते. सीजी-नॅटमध्ये उघडण्याजोगं काही ग्राहकाच्या हातात नसतंच. शिवाय या सुरक्षिततेची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. सोसायटीच्या फाटकावरचा कॅमेरा मोबाइलवर पाहायचा तर थेट पोचता येत नाही, म्हणून कॅमेरा स्वतःहून उत्पादकाच्या सर्व्हरकडे जोडणी करून बसतो आणि आपला फोनही तिकडेच जातो. फाटकावर कोण आलं-गेलं याचं चित्र किंवा निदान त्याची वर्दी आपल्या दोघांच्या मधे बसलेल्या तिसऱ्याच्या हातून येते. पॅकेट आत येऊ न देण्याचा हा सरळ परिणाम आहे. दोन घरांना एकमेकांशी बोलायचं असेल तर मधे कोणीतरी मोठा बसलाच पाहिजे, अशी रचना यातून तयार होते, आणि त्या मोठ्याचं दुकान चालतं.

मित्राने मग जे केलं ते या अडचणीत सापडलेले बहुतेक जाणते लोक करतात. मुंबईतल्या एका डेटा सेंटरमध्ये सार्वजनिक पत्ता असलेला छोटा आभासी सर्व्हर भाड्याने घेतला आणि सांगलीतल्या संगणकाने स्वतःहून त्याच्याकडे वायरगार्डचा बोगदा खणला. जोडणी आतून बाहेर जात असल्यामुळे कंपनीच्या वहीत ओळ लिहिली जाते, आणि त्याच ओळीवरून बाहेरचे लोक आत येतात. सांगलीकडच्या फाइलचा महत्त्वाचा भाग एवढाच:

```
[Peer]
PublicKey = <VPS-public-key>
Endpoint = 198.51.100.7:51820
AllowedIPs = 10.9.0.1/32
PersistentKeepalive = 25
```

शेवटची ओळ नसेल तर बोगदा रात्री चालतो आणि सकाळी मेलेला सापडतो. वहीतली ओळ काही काळ वापरली नाही की यंत्र ती खोडतं. नियमानुसार यूडीपीची ओळ किमान दोन मिनिटं टिकायला हवी, पण त्याहून लवकर खोडणारी यंत्रंही वापरात आहेत. म्हणून दर २५ सेकंदांनी एक रिकामं पॅकेट पाठवून ओळ जिवंत ठेवायची. व्हॉट्सअ‍ॅपचे व्हिडिओ कॉल सीजी-नॅटमागूनही चालतात तेही याच तत्त्वावर, दोन्ही फोन आधी बाहेर पॅकेट पाठवतात. तेवढ्याने भागलं नाही तर कॉल मधल्या सर्व्हरवरून वळवला जातो.

हा उपाय चांगला चालतो, आणि ज्याला आजच्या आज काम हवं आहे त्याला मी हाच सांगेन. पण त्याचा अर्थ काय होतो तो पाहावा. घरची जोडणी, घरची वीज, घरचा संगणक यांचे पैसे भरून झाल्यावर निव्वळ एका पत्त्यासाठी दर महिन्याला पुन्हा भाडं. बहिणीने ऐकलेलं प्रत्येक कीर्तन सांगलीहून मुंबईला आणि तिथून पुण्याला जातं. भाड्याच्या सर्व्हरची वाहतुकीची मर्यादा संपली की घरचा फायबर कितीही मोकळा असला तरी उपयोग नाही. कंपनीकडून स्थिर सार्वजनिक पत्ता विकत घ्यावा, हा दुसरा मार्ग, जिथे मिळतो तिथे अधिक सरळ. पण काही कंपन्या तो फक्त व्यावसायिक जोडणीवर देतात, आणि मोबाइलवर साध्या ग्राहकाला तो मिळण्याची आशा जवळजवळ नाही.

खरा मार्ग आपल्या घरात आधीच आलेला आहे, आणि म्हणून मला या प्रश्नाची चीड जास्त येते. आयपीव्ही ६ चा पत्ता १२८ बिटांचा, त्यात वाटून घेण्याची गरज नाही. या पद्धतीच्या वापरात भारत जगात आघाडीवर आहे. जिओने २०१६ साली सेवा सुरू केली ती आयपीव्ही ६ चालणाऱ्या फोर-जी जाळ्यावर, आणि गूगलच्या मोजणीत भारतातले निम्म्याहून बरेच जास्त वापरकर्ते आज आयपीव्ही ६ वरून येतात. दूरसंचार विभागाने नोव्हेंबर २०२१ मध्ये असंही ठरवून दिलं, की ३१ डिसेंबर २०२२ नंतरची प्रत्येक नवी तारेवरची घरगुती जोडणी आयपीव्ही ६ वाहू शकणारी असावी.

मित्राच्या संगणकालाही असा पत्ता मिळालेला होता, त्याला माहीत नव्हतं इतकंच. `ip -6 addr` म्हटलं की दिसला. तो जगात एकमेव, कुठेही खाडाखोड न होणारा. मग बहिणीला पान का उघडेना? आता अडथळा घरच्याच राउटरमध्ये होता. बाहेरून येणारं आयपीव्ही ६ तो पूर्ण अडवत होता आणि कंपनीने दिलेल्या त्या राउटरचं फायरवॉलचं पान ग्राहकासाठी कुलूपबंद होतं. ते उपकरण ब्रिज पद्धतीने लावून त्यामागे स्वतःचा ओपनडब्ल्यूआरटीवर चालणारा राउटर बसवला, ४४३ साठी एक नियम लिहिला, डोमेन नावाला आयपीव्ही ६ चा पत्ता दिला. बहिणीच्या मोबाइलवर पान क्षणात उघडलं. कुठलाही बोगदा नाही, भाड्याचा सर्व्हर नाही.

मग वीज गेली. राउटर पुन्हा सुरू झाला तेव्हा कंपनीने पत्त्याचा पुढचा भाग, म्हणजे पूर्वपद, नवा दिला. डोमेन नाव जुन्या पत्त्याकडे बोट दाखवत राहिलं आणि पूर्ण पत्ता लिहून केलेला फायरवॉलचा नियमही निकामी झाला. ओपनडब्ल्यूआरटीत पत्त्याच्या फक्त मागच्या ६४ बिटांवर नियम लिहिता येतो, तसा तो लिहिला, आणि नाव ताजं ठेवण्याचं काम संगणकावरच्या एका छोट्या प्रोग्रामला दिलं. तरीही प्रत्येक बदलानंतर जुना पत्ता सगळीकडून विरेपर्यंत काही मिनिटं पान बंद राहतं. दुबईतल्या भाच्याचा प्रश्न निराळा. त्याच्या ऑफिसच्या जाळ्यावर आयपीव्ही ६ नाहीच, त्याच्यासाठी मुंबईचा बोगदा ठेवावा लागला. हे मी मुद्दाम सांगतो, कारण आयपीव्ही ६ हे सर्वांसाठी आजच पुरेसं उत्तर आहे असं म्हणणं खोटं ठरेल.

पण या दोन अडचणींचं स्वरूप पाहा. भाच्याच्या ऑफिसबद्दल सांगलीतली कंपनी काही करू शकत नाही. कुलूपबंद फायरवॉल आणि पुन्हा पुन्हा बदलणारं पूर्वपद या मात्र निव्वळ तिच्या मर्जीच्या गोष्टी आहेत. पत्त्यांची टंचाई ही सबब इथे लागू होत नाही. युरोपातल्या जाळेचालकांनी २०१७ साली राइप-६९० या दस्तऐवजात नेमकं हेच लिहून ठेवलं, की ग्राहकाला स्थिर पूर्वपद द्यावं आणि ते पुरेसं मोठं द्यावं. ५६ बिटांचं पूर्वपद दिलं तर एका घरात २५६ स्वतंत्र जाळी मावतात.

आपल्याकडे या गोष्टी मागायला जागाच कशी नाही, हे ब्रॉडबँडच्या व्याख्येत दिसतं. जानेवारी २०२३ मध्ये सरकारने ती बदलली आणि किमान गती सेकंदाला २ मेगाबिट केली. ती गती डाउनलोडची आहे. आत येणाऱ्या जोडणीचा तर प्रश्नच नाही, वर पाठवण्याच्या गतीलाही त्या किमान अटीत स्थान नाही. घेणारा हात एवढाच नागरिक त्या व्याख्येला दिसतो. ग्राहकाला जोडणी विकताना आयपीव्ही ४ सामायिक आहे की स्वतंत्र, आयपीव्ही ६ चं पूर्वपद स्थिर आहे की बदलतं, आणि आत येणाऱ्या वाहतुकीची फायरवॉल त्याला उघडता येते की नाही, या तीन ओळी माहितीपत्रकात छापण्याची सक्ती नियामकाने करावी, एवढी माझी मागणी आहे. पहिल्या ओळीचं उत्तर पुष्कळदा ‘सामायिक’ असेल आणि ते मी समजून घेईन.

उरलेल्या दोन ओळींसाठी कंपनीला बहुतेकदा नवं यंत्र घ्यावं लागत नाही. तालुक्याच्या गावातल्या त्या पाच हजार घरांच्या व्यावसायिकाकडेही ग्राहकाचं नाव-पासवर्ड तपासणारा रेडियस सर्व्हर असतोच. पूर्वपद एका ग्राहकाशी कायमचं बांधायचं तर त्याच्या नोंदीत `Delegated-IPv6-Prefix` या नावाची एक ओळ वाढवावी लागते, आणि आरएफसी ४८१८ मध्ये ती २००७ सालापासून लिहिलेली आहे.